अवतरण डकवलंय, विणलेलं नाही: म्हणजे नेमकं काय करायचं?

रानवाट

नमस्कार मंडळी. मी लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा निबंध मराठीतून लिहिणार आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढे इंजिनिअरिंग, त्यामुळे मराठी बोलायला पक्की आणि लिहायला कच्ची. सरावाला ‘शिक्षण आणि शेतकरी’ असा विषय होता. तपासून आलेल्या पानावर एका वाक्याभोवती लाल गोल आणि बाजूला शेरा: ‘अवतरण डकवलंय, विणलेलं नाही.’ तपासणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, चांगले निबंध वाचा, आपोआप येईल. परीक्षा तीन महिन्यांवर आहे, आपोआप यायला वेळ नाही.

तर वाक्य हे:

> महात्मा फुले यांनी म्हटले होते की, “विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.” असे त्यांचे मत होते. ज्यामुळे आजही शेतकरी समाज “खचले” आहे.

दुसऱ्या प्रयत्नात मी लिहिलं: ‘फुले म्हणतात तसे विद्येविना “मति जाते” आणि मतीविना “नीति जाते”.’ हे जरा वाहतं वाटतंय, पण शंका आहे. चुका सांगा. रागावलात तरी चालेल.

सदाफुली५२

बेटा, माझ्याकडे सुविचारांची वही आहे, विषयवार. शिक्षणावरच चाळीसेक निघतील. निबंधाची सुरुवात आणि शेवट सुविचाराने केला की परीक्षक खूश होतो. हवी असेल तर फोटो काढून टाकते.

रानवाट

आभार काकू, पण माझ्याकडे अवतरणं आहेत. ती वाक्यात बसत नाहीयेत, ही अडचण आहे.

जुनाखिळा

छापखान्यात आणि नंतर प्रकाशकाकडे मिळून सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. तुमच्यासारखं वाक्य आठवड्याला एक तरी भेटायचं, तेव्हा रागावण्यासारखं काही नाही.

आधी पहिलं वाक्य. मराठीत दुसऱ्याचे शब्द वाक्यात आणायला मुख्यतः दोन दरवाजे आहेत. एक ‘की’चा: आधी कोण म्हणतो ते सांगायचं, मग ‘की’, मग त्याचे शब्द, आणि तिथेच वाक्य संपवायचं. दुसरा ‘असे’चा: आधी त्याचे शब्द, मग ‘असे’, आणि शेवटी क्रियापद. तुम्ही ‘की’च्या दारातून आत आलात आणि ‘असे’च्या दारातून बाहेर पडलात. ‘म्हटले होते की’ लिहिल्यावर वाचकाला कळलं की आता फुल्यांचे शब्द येणार. ते आले, पूर्णविराम पडला, वाक्य मिटलं. आणि मग ‘असे त्यांचे मत होते’ हे शेपूट एकटंच लोंबकळतंय. त्याला आता कशाला धरायचं?

दोन्हींतला एक दरवाजा निवडा. कुठला, ते उताऱ्याच्या लांबीवर ठरतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘असे’ची रचना घेतली तर वाचकाला पूर्ण अवतरण डोक्यात धरून क्रियापदाची वाट पाहावी लागते. चार-पाच शब्द असतील तर हे सुखाचं असतं: ‘“वित्ताविना शूद्र खचले” असे फुले लिहितात.’ इथे सहाच्या सहा तुकडे आणि शेवटी ‘असे फुले लिहितात’ ठेवलंत, तर तिथे पोचेपर्यंत बोलणारा कोण हेच विसरायला होतं. मोठ्या उताऱ्याला ‘की’ बरा, किंवा ‘फुले लिहितात’ पुढे अपूर्णविरामाची दोन टिंबं.

आता विरामचिन्ह. ‘असे’च्या रचनेत आतला पूर्णविराम गळतो, कारण फुल्यांचं वाक्य संपलं तरी तुमचं अजून चालू आहे. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह मात्र गळत नाही, कारण ते काढलं तर अर्थच बदलतो. ‘“पाऊस कधी येणार?” असे तो विचारत राहिला’ इथे आतलं प्रश्नचिन्ह राहतं आणि वाक्याचा पूर्णविराम बाहेर येतो. ‘की’च्या रचनेत अख्खं वाक्य आलं असेल तर त्याचा पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत, आणि मग बाहेर दुसरा देत नाहीत. ते तुम्ही बरोबर केलंय.

मिसकॉल

मी इंग्रजी शिकवते, म्हणून थोडं घुसते. इंग्रजीत अवतरणातलं क्रियापद आपल्या वाक्याच्या काळाशी जुळत नसेल तर ते बदलून चौकोनी कंसात टाकतात. तेच मराठीत करा: “मति [जाते]”. कंस असला की वाचकाला कळतं की शब्द आपला आहे. म्हणजे रानवाटच्या दुसऱ्या वाक्यात फक्त कंस राहिलाय.

आणि एक. ‘म्हटले होते की’ असं भूतकाळात सुरू केलं की पुढचंही भूतकाळात न्यायला हवं ना? ‘टिळक म्हणाले की स्वराज्य त्यांचा हक्क होता’ असं?

जुनाखिळा

मिसकॉल, कंसाची सोय मराठीतही आहे आणि ती प्रामाणिक आहे. सर्वनाम उलगडायला मी ती नेहमी मान्य करतो: ‘तो [सावकार] दारात उभा राहिला’. तेवढं तुमचं बरोबर.

काळाचं मात्र नाही. मराठीत सांगणाऱ्याचं क्रियापद भूतकाळात गेलं म्हणून सांगितलेलं मागे सरकत नाही. ‘आई म्हणाली की भात झालाय’ असंच आपण म्हणतो. ‘आई म्हणाली की भात झाला होता’ म्हटलं तर भात कधीतरी झाला होता आणि आता संपला, असं ऐकू येतं. टिळकांचा हक्क ‘होता’ लिहिलात तर तो नंतर गेला असा अर्थ होईल! ‘आहे’च ठेवायचं.

तिथे खरी अडचण काळाची नसून ‘माझा’ या शब्दाची आहे. ‘टिळक म्हणाले, “स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे”’ यात चिन्हं आहेत, म्हणून ‘माझा’ कुणाचा ते कळतं. चिन्हं काढून ‘टिळक म्हणाले की स्वराज्य हा माझा हक्क आहे’ लिहिलं तर बोलताना चालून जातं, पण निबंधात क्षणभर तो निबंध लिहिणाऱ्याचा हक्क वाटतो. आपल्याकडे त्यासाठी ‘आपला’ हा सोन्यासारखा शब्द आहे: ‘स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्याचे टिळकांनी ठणकावले.’ चिन्हं नाहीत, म्हणजे शब्द शंभर टक्के त्यांचेच असल्याचा दावाही नाही.

रानवाट, तुमच्या ‘म्हटले होते’ बद्दलही हेच. ‘होते’ कशाला? ‘म्हटले होते’ म्हणजे त्यानंतर काहीतरी घडलं आणि त्याआधीचं हे. इथे तसं पुढचं काही नाही. साल सांगायचं असेल तर ‘१८८३ साली लिहिलेल्या ग्रंथात फुल्यांनी म्हटले’, आणि ग्रंथाशी आत्ता बोलायचं असेल तर ‘फुले लिहितात’. पुस्तक आजही उघडलं की ते तेच लिहितात. एका निबंधात एकाच पुस्तकाविषयी एकदा ‘लिहितात’, एकदा ‘लिहिले होते’, एकदा ‘लिहून गेले’ असं करू नका, एवढंच.

कोरडवाहू

“मति [जाते]” वर माझी हरकत व्याकरणाची नाही, इतिहासाची आहे. फुल्यांनी ‘गेली’ लिहिलंय, ‘जाते’ नाही. ‘विद्या नसली की मती जाते’ हे कुठल्याही भिंतीवर रंगवायला चालेल असं वाक्य झालं. ‘गेली… गेली… गेली… गेले… खचले’ हा एक घडून गेलेला प्रकार आहे, विशिष्ट लोकांच्या बाबतीत घडलेला, आणि शेवटी ‘केले’ म्हणून कर्त्यावर बोट ठेवलंय. भूतकाळ हाच तिथला युक्तिवाद आहे. वर्तमानकाळ केलात की आरोपपत्राचा सुविचार होतो. सदाफुली काकूंच्या वहीत जाईल, निबंधात नको. (काकू, राग नसावा.)

आणि ‘शूद्र खचले’ उद्धृत करून लगेच पुढच्या वाक्यात ‘शेतकरी समाज’ कसा झाला? फुल्यांच्या डोळ्यांपुढे शूद्र शेतकरीच आहे हे खरं, पण तो शब्द त्यांनी निवडलाय. तो गुपचूप बदलायचा नाही. बदलायचा तर उघडपणे, आपल्या शब्दांत, चिन्हांच्या बाहेर.

सदाफुली५२

राग कसला. वहीत ‘गेली’च आहे.

रानवाट

‘गेली’चं हे कधीच लक्षात आलं नव्हतं. मी पाठ केलेलं अवतरण एक ठोकळा म्हणून धरत होते, त्यात काळ आहे हेच दिसलं नव्हतं.

पण मग जुळवायचं कसं? माझं वाक्य वर्तमानात आहे, त्यांचं भूतकाळात. शब्दाला हात लावायचा नाही. आणि ‘समाज “खचले” आहे’ मध्येही काहीतरी चुकतंय.

जुनाखिळा

चुकतंय ते वचन. ‘शूद्र खचले’ यात शूद्र अनेकवचनी, म्हणून ‘खचले’. तुम्ही कर्ता ‘समाज’ केलात, तो एकवचनी, त्याला ‘खचला’ लागेल. एखादा शब्द अवतरणातून उचलून आणता तेव्हा त्याच्या अंगाला लिंग-वचन चिकटलेलं असतं. चिन्हांच्या आत तुम्हाला ते धुता येत नाही. मग दोनच गोष्टी उरतात. आपला कर्ता असा निवडायचा की त्याच्याशी उचललेला शब्द आपोआप जुळेल. किंवा त्या शब्दाला क्रियापदाच्या कामावरून काढून नाम करायचं: ‘फुल्यांनी “खचले” हा शब्द वापरला.’ ‘हा शब्द’ जोडला की तो नुसता पाहुणा म्हणून बसतो, त्याने कर्त्याशी जुळायची गरज नाही. जुळायचं काम आता ‘शब्द’ करतो.

मराठीतल्या विणकामाची गुरुकिल्ली मला विचाराल तर हे मागचं नामच आहे. ‘हा शब्द’, ‘ही ओळ’, ‘हे वाक्य’, ‘हा प्रश्न’, ‘ही तक्रार’. नुसतं ‘असे म्हणतात’ सगळीकडे लावण्यापेक्षा ‘असा आरोप ते करतात’, ‘अशी हाक देतात’, ‘असा निवाडा देतात’ म्हटलं तर ते शब्द कशासाठी उच्चारले हेही त्याच जागेत सांगून होतं. फक्त ‘असा-अशी-असे’ त्या नामाप्रमाणे बदलायचं, अवतरणाप्रमाणे नाही.

वऱ्हाडीठेचा

माझं निबंधाचं नाही, पण हेच दुखणं आहे म्हणून इथेच विचारतो. बाबांच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढली. बाबा कुणी काही विचारलं की म्हणायचे, “मले काहीच नोको.” मी लिहिलं: ‘बाबांना नेहमी “मले काहीच नोको” असायचे.’ ज्यांनी मुद्रण करून दिलं त्यांनी ते परस्पर ‘मला काहीच नको’ केलं. मी भांडलो, पण ते म्हणाले वाक्य व्याकरणात बसत नाही. बाबा गेले, आता त्यांची भाषाही शुद्ध करणार का?

जुनाखिळा

‘नोको’चं ‘नको’ करायचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता. चिन्हांच्या आत बाबांचंच राज्य. पण वाक्य अडखळतंय हे त्यांचं म्हणणं खरं होतं, फक्त दोष बोलीचा नव्हता. ‘बाबांना’ आणि ‘मले’ ही एकाच माणसाची दोन रूपं तुम्ही एकाच क्रियापदापुढे आणलीत. एक बाहेर, एक आत. थोडं उशिरा चिन्ह उघडा: ‘बाबांना नेहमी “काहीच नोको” असायचं.’ किंवा ‘मले’ हवंच असेल, आणि मला तर ते हवंसं वाटतं, तर ‘असे’ची रचना घ्या: ‘काहीही विचारा, “मले काहीच नोको” असंच बाबा म्हणायचे.’

अवतरण कुठे उघडायचं हे आपल्या हातात असतं. पुष्कळ वेळा एक शब्द उशिरा उघडलं की सगळं जुळतं.

वऱ्हाडीठेचा

दुसरं वाक्य घेतो. पुढच्या आवृत्तीत टाकीन, छापायचे पैसे जमले की. धन्यवाद दादा.

बोरू_दौत

मूळ मुद्द्याइतकाच एक मुद्दा राहतोय. ‘मति’, ‘नीति’, ‘गति’ ऱ्हस्व कसे चालतील? आजच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ: मती, नीती, गती. परीक्षक चूक काढेल.

जुनाखिळा

आतलं तसंच ठेवायचं, बाहेरचं आजच्या नियमाने. ‘“मति गेली” म्हणजे नुसती मती नव्हे, तर…’ असं एकाच ओळीत दोन्ही आलं तरी बिचकायचं नाही. उलट परीक्षकाला कळतं की लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक आहे. फक्त कुठल्या तरी छापील आवृत्तीवरून उतरवा. मी काही ठिकाणी ‘मतिविना’ आणि काही ठिकाणी ‘मतीविना’ असं दोन्ही पाहिलंय. फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रावरून तर मुळीच नको.

बोरू_दौत

इतकं सोपं नाही ते. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच जुन्या उताऱ्यांसाठी एक नियम आहे. केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं. त्या दोघांपासून पुढचं मात्र, ते दोघे धरून, आजच्या नियमांनी छापावं. आता ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. निबंधमाला सुरू झाली १८७४ ला, आणि चिपळूणकर वारले १८८२ ला. म्हणजे हे चिपळूणकरांच्या नंतरचं गद्य. नियमाने ‘मती’च छापायला हवं!

कोरडवाहू

गद्य कशावरून? ‘गेली-गेली-गेली’ म्हणून बघा, लय आहे, ‘गेले, खचले, केले’ असं यमकही आहे. हे पद्य मानलं तर १८८३ केशवसुतांच्या आधीचं, कारण त्यांचं नाव झालं ते नंतर. ‘तुतारी’ १८९३ ची. मग त्याच नियमाने ‘मति’ राहतं.

शिवाय फुले वयाने चिपळूणकरांपेक्षा तेवीस वर्षांनी मोठे. ‘पूर्वीचं’ म्हणजे लेखकाच्या जन्माने मोजायचं की पुस्तकाच्या सालाने?

बोरू_दौत

पद्य असतं तर अर्धविराम कशाला घातले असते? चरण पाडले असते. ते ग्रंथाच्या उपोद्घाताच्या तोंडाशी आहे, आणि उपोद्घात गद्यच असतो.

कोरडवाहू

उपोद्घाताच्या तोंडाशी पद्य घालायला बंदी आहे का?

जुनाखिळा

हे भांडण मी दोन संपादकांमध्येही ऐकलेलं आहे, आणि दोघे आजही आपापल्या जागी उभे आहेत. परीक्षेत ऱ्हस्व लिहिलंत म्हणून मार्क जाईल असं मला वाटत नाही. ‘मती’ लिहिलंत तरी जाणार नाही. एकाच उताऱ्यात एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ लिहिलंत तर मात्र मी तरी खूण केली असती.

आंब्याचीडहाळी

अवांतर: वर सगळे ‘फुल्यांनी’ लिहिताहेत, पेपरात ‘फुलेंनी’ असतं. कुठलं बरोबर?

जुनाखिळा

माझ्या पिढीला ‘फुल्यांनी’, ‘गोखल्यांनी’. आता आडनावाचं सामान्यरूप न करण्याची चाल पडलीय. घासाघीस नको असेल तर रानवाटने केलंय तसं ‘महात्मा फुले यांनी’. त्यात कुणालाच बोलायला जागा राहत नाही.

यावरून आठवलं, पुस्तकांच्या नावांना प्रत्यय लावतानाही हाच पेच येतो आणि तिथे जास्त घोटाळा होतो. ‘तुतारी’त, ‘तुतारी’मधील हे सोपं, कारण प्रत्यय चिन्हाबाहेर आणि नाव अखंड. पण ‘शेतकऱ्याचा असूड’ला ‘त’ लावून बघा. बोलताना आपण ‘शेतकऱ्याच्या असूडात’ म्हणतो. ते चिन्हांत लिहिलं तर ग्रंथाचं नावच बदललं. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहिलं तर नाव वाचलं, पण ‘चा’च्या मागून ‘मध्ये’ आल्याने कानाला खुपतं. तिथेही मागचं नाम कामाला येतं: ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात. जे काही वाकायचं ते ‘या ग्रंथात’ वाकेल, नावाला धक्का नाही.

रानवाट

सगळं वाचून रात्री परत लिहिलं. पहिला खर्डा:

> ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या उपोद्घातात महात्मा फुले कारणांची एक साखळीच मांडतात. “विद्येविना मति गेली” इथून निघालेली ही साखळी नीती, गती आणि वित्त यांना ओढत “वित्ताविना शूद्र खचले” इथवर येते, आणि एवढे सारे अनर्थ “एका अविद्येने केले.” असा निवाडा फुले देतात. ज्यांच्याविषयी त्यांनी “खचले” हा शब्द वापरला, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांतील शेतकरी आज सातबारा फोनवर मिळत असूनही तो वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

सहाही तुकडे घेतले नाहीत, मधले आपल्या शब्दांत सांगितले. ‘नीती’, ‘गती’ चिन्हांबाहेर आहेत म्हणून दीर्घ. ‘अनर्थ… केले’ जुळतंय असं वाटतंय, कारण माझाही कर्ता-कर्म तोच आहे. बरोबर?

कोरडवाहू

‘इथून… इथवर’ छान. साखळी आहे हे तुम्ही सांगितलंत आणि दोन टोकं त्यांच्या शब्दांत दाखवलीत. सहा तुकडे लिहून जे झालं नव्हतं ते झालं. ‘शूद्र’ही जागेवर राहिला.

जुनाखिळा

‘अनर्थ’ अनेकवचनी पुल्लिंगी, ‘केले’ जुळतं. फक्त ते कर्म आहे, कर्ता नव्हे. कर्ता ‘अविद्येने’. क्रियापद कर्माप्रमाणे चाललंय आणि फुल्यांच्या मूळ वाक्यातही तसंच आहे, म्हणून सांधा दिसत नाही.

एक पूर्णविराम राहिला. “एका अविद्येने केले.” नंतर ‘असा निवाडा’ येतोय, म्हणून आतला काढा. बोट त्या सवयीचं झालंय, परीक्षेतही तिथेच घसरेल. शेवटच्या फेरीत फक्त ‘असा-अशी-असे’ शोधा आणि त्यांच्या अगदी आधीचं चिन्ह पाहा.

मिसकॉल

मी आणखी विचारते. दुहेरी चिन्हं की एकेरी? शाळेत आम्ही दुहेरी शिकवतो, पण माझ्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत सगळीकडे एकेरी आहेत.

जुनाखिळा

शाळेतली वाटणी अशी: दुसऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरीत, पुस्तकाचं नाव किंवा ठसवायचा एखादा शब्द एकेरीत. हाताने लिहिताना तीच पाळावी, परीक्षकाला सवयीची असते. प्रकाशकांचं घराघराचं वेगळं चालतं. रानवाटने ग्रंथाचं नाव एकेरीत आणि फुल्यांचे शब्द दुहेरीत घेतलेत, ते चोख आहे.

बोरू_दौत

आणि ‘की’च्या नंतर स्वल्पविराम? पहिल्या वाक्यात ‘की,’ होता, त्यावर कुणीच बोललं नाही. माझ्या मते तो इंग्रजी वळणाचा आहे, काढावा.

जुनाखिळा

तसं पाहिलं तर स्वल्पविरामच बाहेरून आलाय. मेजर कँडींच्या काळात इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रुळायला लागली, त्याआधी दंडावर भागायचं. मी स्वतः असं करतो: ‘की’च्या पुढे अवतरणचिन्ह उघडत असेल तर स्वल्पविराम ठेवतो, कारण तिथे वाचणारा थांबतो. चिन्हं नसतील, नुसता आशय असेल, तर काढतो. पण ही माझी सवय आहे, नियम म्हणून सांगत नाही.

बोरू_दौत

थांबतो तो ‘की’च्या आधी. मोठ्याने वाचून बघा: ‘फुले म्हणतात… की विद्येविना’.

कोरडवाहू

मी वाचून बघितलं. मी ‘की’च्या नंतर थांबलो.

आंब्याचीडहाळी

मी दोन्हीकडे.

रानवाट

मी या खर्ड्यात ‘की’ वापरलेलाच नाही, म्हणून सुटले! पूर्णविराम काढलाय. उद्या हेच तुकारामांच्या “वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें” वर करून बघणार आहे, पर्यावरणाचा विषय दिलाय. ‘आम्हां’ आत ठेवायचं की बाहेर, तिथेच अडलेय.

वऱ्हाडीठेचा

एक शब्द उशिरा उघडा.

जुनाखिळा

तिथे उशिरा नाही उघडता येणार, ‘आम्हां’ मधोमध आहे. ‘वृक्षवल्ली’ बाहेर काढून तुमच्या वाक्याचा कर्ता करता येतो का ते आधी बघा. नाही जमलं तर ‘ही ओळ’. खर्डा टाका इथेच.